अकरा नंबरच्या बेडजवळची सहा मिनिटं: राउंडला केस कशी सांगायची

इंटर्नशिप संपवून नुकत्याच मेडिसिनला लागलेल्या काही श्रोत्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "राउंडला केस सांगायला लागलं की सर मध्येच तोडतात, पुढे जातात. माझं निम्मं सांगायचं राहून जातं. काय करू?" आजचा भाग त्याच्यावर. जे डॉक्टर नाहीत त्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण तुमच्या घरचं माणूस वॉर्डात असतं तेव्हा त्याच्या बेडपाशी उभं राहून दोन-तीन मिनिटांत जे बोललं जातं, त्यावर त्याचा पुढचा दिवस ठरतो.

मी माझीच एक चुकलेली केस घेणार आहे. ओळख पटू नये म्हणून पेशंटचे काही तपशील बदललेत, पण चूक जशीच्या तशी ठेवलीय. वॉर्डात आम्ही हे सगळं इंग्रजीत बोलतो. इथं मराठीत सांगते.

मी तेव्हा जेआर-वन होते, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाला. पावसाळा संपत आलेला, इमर्जन्सीचा दिवस नुकताच उलटलेला. सकाळी राउंडला चाळीसच्या आसपास पेशंट आणि हातात दोन तास. भागाकार केलात तर एकाला तीन मिनिटं येतात, त्यात तपासणं आणि नातेवाइकांशी बोलणंही आलं. अकरा नंबरच्या बेडवर भंडारा जिल्ह्यातल्या एक शेतमजूर बाई होत्या, वय ४६. रात्री मीच भरती करून घेतलेल्या. मी सांगायला सुरुवात केली ती अशी:

"सर, ४६ वर्षांच्या फीमेल, तक्रार ताप सात दिवस, डोकेदुखी सात दिवस, अंगदुखी सात दिवस, उलट्या दोन वेळा, भूक कमी, अशक्तपणा. आधीचा आजार काही नाही, अठरा वर्षांपूर्वी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, आहार मिश्र, झोप कमी, घरात कुणाला टीबी नाही. प्लेटलेट ६८ हजार..."

सरांनी विचारलं, "डेंग्यू?" मी म्हटलं, "हो सर, वाटतंय." "एनएस-वन?" "निगेटिव्ह." "आयजीएम पाठवा, सलाइन चालू ठेवा, प्लेटलेट रोज." आणि राउंड बारा नंबरकडे सरकला. मी उरलेलं बोलत बोलत मागे चालत होते. एकूण सहा मिनिटं मी बोलले असेन, त्यातली चार कुणी ऐकली नाहीत.

माझ्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं: डाव्या काखेत एक सेंटीमीटरची काळी खपली, दुखत नाही. ती आमच्या इंटर्नला रात्री ईसीजी काढताना दिसली होती. मी 'त्वचा' या सदरात ती नोंदवली आणि सदर शेवटी येतं म्हणून शेवटी ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सात दिवसांचा ताप, शेतात गवतात काम, आणि काखेत किंवा जांघेत न दुखणारी काळी खपली, हे तिन्ही एकत्र आले की पहिला विचार स्क्रब टायफसचा करायचा. गवतात राहणाऱ्या एका बारीक किड्याची अळी चावते, तिथून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जंतू शरीरात शिरतो आणि चावल्याच्या जागी सिगरेटचा चटका बसल्यासारखी खपली धरते. तिला एश्चर म्हणतात. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि बहुतेक वेळा कपड्याच्या घडीखाली असते, म्हणून पेशंटलाही पत्ता नसतो. सगळ्या पेशंटमध्ये ती सापडत नाही, पण सापडली तर निदान जवळजवळ हातात येतं. औषध साधं आहे, डॉक्सिसायक्लिन. पण ते द्यायला आधी कुणाला तरी हा आजार सुचावा लागतो.

आता सर चुकले का? मी बरेच दिवस तसं मनाशी म्हणत होते. पण ऐकणारा माणूस काय करतो ते बघा. तुमचं पहिलं वाक्य कानावर पडताच तो डोक्यात तीन-चार आजारांची यादी मांडतो आणि पुढच्या प्रत्येक वाक्यानं त्यातलं एकेक खोडतो किंवा वर सरकवतो. मी पहिल्या वाक्यात "ताप, डोकेदुखी, अंगदुखी" दिलं आणि मग मधलं सगळं गाळून "प्लेटलेट कमी" दिलं. पावसाळ्यात ही दोन वाक्यं ऐकून डेंग्यू न आठवणारा फिजिशियन विरळाच. यादी मीच चुकीची मांडून दिली होती.

म्हणजे क्रम हा परीक्षेत मार्क मिळवण्यापुरता शिष्टाचार नाही. हिस्टरी, तपासणीत सापडलेलं, निष्कर्ष, योजना, हे चार टप्पे आपल्या सगळ्यांना पाठ असतात. रुग्णाचे कागद या धर्तीवर, एकेका प्रॉब्लेमभोवती लिहायची पद्धत अमेरिकेतल्या लॉरेन्स वीड या डॉक्टरांनी १९६८ च्या त्यांच्या लेखातून सगळीकडे पोचवली. पण टप्पे पाठ असणं वेगळं आणि कुठली गोष्ट कुठे ठेवायची हे कळणं वेगळं. अकरा नंबर घेऊनच एकेक बघू.

पहिलं वाक्य

पहिल्या वाक्यात वय, निदानावर परिणाम करणारी एखादी पार्श्वभूमी, मुख्य तक्रार आणि तिचे दिवस एवढंच हवं. माझ्या वाक्यात सहा तक्रारी होत्या आणि सहाही एकाच वजनाच्या. त्यात जी खरी काळजीची होती, ती नव्हतीच. त्या बाईंना दोन दिवसांपासून दम लागत होता. त्यांनी ते आपणहून सांगितलं नव्हतं, मी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, म्हणून माझ्या कागदावर ते खाली गेलं. पेशंटनं सांगितलेला क्रम आणि आपण सांगायचा क्रम एक नसतो.

नीट वाक्य असं झालं असतं: "४६ वर्षांच्या शेतमजूर बाई, सात दिवस सतत ताप आणि दोन दिवसांपासून वाढत चाललेला दम." इथं 'शेतमजूर' हा शब्द का? कारण तापाच्या पेशंटमध्ये त्यानं यादी बदलते. याच बाई पित्ताशयातल्या खड्यासाठी भरती झाल्या असत्या तर त्यांचा व्यवसाय पहिल्या वाक्यात लागला नसता. पहिल्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला हाच प्रश्न विचारायचा: हा काढला तर ऐकणाऱ्याची यादी बदलेल का?

हिस्टरी

हिस्टरी दिवसांच्या क्रमानं सांगायची, तक्रारींच्या क्रमानं नाही. "ताप सात दिवस, डोकेदुखी सात दिवस" ही यादी झाली, गोष्ट झाली नाही. गोष्ट अशी होती: पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप आणि डोकं दुखणं. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडून सेफिक्झिमच्या गोळ्या, तीन दिवस घेतल्या, ताप उतरला नाही. पाचव्या दिवसापासून चालताना दम, भरतीच्या दिवशी बसल्या जागी दम. तापाच्या आधी दोन आठवडे धुऱ्यावरचं गवत कापायला रोज जात होत्या.

बघा, यात सेफिक्झिमचं वाक्य किती काम करतं. ते औषध ज्या गटातलं आहे तो बीटा-लॅक्टम गट या जंतूवर चालत नाही. म्हणजे "अँटिबायोटिक देऊनही ताप तसाच" ही नुसती माहिती नाही, पुरावा आहे. माझ्या सहा मिनिटांत हे वाक्य कुठेच नव्हतं, पण 'आहार मिश्र' होतं.

मग नकार येतात. सगळे नाही, फक्त तुमच्या यादीतल्या आजारांना धक्का लावणारे. कुठून रक्त गेलं नाही, अंगावर पुरळ नाही, डोळे पिवळे नाहीत, पोटऱ्या दुखत नाहीत, दमाच्या आधी खोकला-बेडका नव्हता. पहिले दोन डेंग्यूसाठी, मधले दोन लेप्टोस्पायरोसिससाठी, शेवटचा साध्या न्यूमोनियासाठी. नकार ऐकून समोरच्याला कळतं की तुम्ही काय विचार करून प्रश्न विचारले होते. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन कागदावर राहू द्या, विचारलं तर सांगा.

तपासणीत सापडलेलं

इथं दोन पथ्यं. एक म्हणजे, "व्हायटल्स स्टेबल" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आकडे सांगायचे आणि कुठल्या परिस्थितीत घेतले ते सांगायचं. या बाईंची नाडी ११८, बीपी १०० बाय ६४, श्वास मिनिटाला २८ आणि ऑक्सिजन ९१ टक्के, तोही ऑक्सिजन न लावता. हे शेवटचे चार शब्द नसतील तर ९१ ला अर्थ नाही. मास्क लावून ९१ असेल तर तो वेगळाच पेशंट आहे. श्वासाचा आकडा अंदाजानं १८ किंवा २० लिहायची सवय तर आपल्या सगळ्यांना आहे. पूर्ण एक मिनिट मोजा. त्या रात्री मी मोजला होता म्हणून २८ सापडला, आणि सकाळी सांगितलाच नाही.

दुसरं पथ्य असं, की सापडलेलं महत्त्वाच्या क्रमानं सांगायचं, पुस्तकातल्या क्रमानं नाही. तपासताना डोक्यापासून पायापर्यंत जा, काही सुटणार नाही. सांगताना मात्र आकड्यांच्या लगेच नंतर जे निदान फिरवतं ते आलं पाहिजे: "डाव्या काखेत एक सेंटीमीटरची काळी खपली, कडेनं लालसर, न दुखणारी, बाजूला एक दुखरी गाठ. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी क्रेप्स. लिव्हर दोन सेंटीमीटर. मान ताठ नाही."

रिपोर्ट याच्या नंतर, आणि तेही आजाराच्या दिवसासकट. "एनएस-वन निगेटिव्ह" आणि "सातव्या दिवशी केलेली एनएस-वन निगेटिव्ह" यांत फरक आहे. ती टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत कामाची. नंतर निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावरून डेंग्यू खोडता येत नाही. उलट स्क्रब टायफसची आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह राहू शकते. दिवस न सांगता दिलेला रिपोर्ट म्हणजे तारीख फाडलेली बातमी.

निष्कर्ष

जेआर-वनची केस सगळ्यात जास्त अडते ती इथं. आपण काय करतो? सापडलेलंच पुन्हा एकदा सांगतो. "ताप आणि प्लेटलेट कमी, कारण शोधतोय." हे निदान नव्हे. निष्कर्षात एक आजार नाव घेऊन सांगायचा, तो का वाटतो ते सांगायचं, दुसरे एक-दोन का मागे टाकले ते सांगायचं, आणि पेशंट किती आजारी आहे ते सांगायचं. चूक निघाली तर निघू दे. नाव घेतलं तरच समोरच्याला खोडता येतं. गुळमुळीत वाक्य कुणी खोडत नाही, तसंच पुढे जातं.

माझं "हो सर, वाटतंय" हे त्याहून वाईट होतं. तो माझा निष्कर्ष नव्हताच. सरांच्या प्रश्नाला दिलेला होकार होता.

योजना

योजना एकेका प्रॉब्लेमनुसार सांगायची, आणि तिच्यात औषध, मात्रा, वेळ आणि 'किती झालं तर काय' हे हवं. "मॉनिटर करू" याला योजना म्हणत नाहीत. कुठला आकडा, किती तासांनी, आणि तो कुठे गेला की कुणाला फोन, हे सांगितलं की ती योजना होते.

तर आता पूर्ण केस, जशी सांगायला हवी होती तशी. घड्याळ लावून बघा, दोन मिनिटांच्या आत बसते.

"सर, बेड अकरा. ४६ वर्षांच्या शेतमजूर बाई, सात दिवस सतत ताप आणि दोन दिवसांपासून वाढता दम. आधीचा आजार नाही. पहिल्या दिवशी थंडीताप आणि डोकेदुखी. तिसऱ्या दिवसापासून तीन दिवस सेफिक्झिम, फरक नाही. पाचव्या दिवसापासून दम, काल बसल्या जागी. आधीचे दोन आठवडे रोज गवत कापत होत्या. रक्तस्राव, पुरळ, कावीळ, पोटऱ्यांचं दुखणं, बेडका काही नाही.

ताप १०३, नाडी ११८, बीपी १०० बाय ६४, श्वास २८, ऑक्सिजन न लावता ९१ टक्के. डाव्या काखेत एक सेंटीमीटरची न दुखणारी काळी खपली. दोन्ही तळाशी क्रेप्स, लिव्हर दोन सेंटीमीटर. प्लेटलेट ६८ हजार, पांढऱ्या पेशी ११,४००, एएलटी १४०, क्रिएटिनिन १.३. मलेरिया निगेटिव्ह, सातव्या दिवशीची एनएस-वन निगेटिव्ह. एक्स-रेत दोन्हीकडे धूसर छाया.

मला हा स्क्रब टायफस वाटतो, फुफ्फुसावर आलेला, म्हणजे गंभीर. डेंग्यू कमी वाटतो, कारण सातव्या दिवशीही ताप चढाच आहे, पांढऱ्या पेशी कमी नाहीत आणि खपली त्यात बसत नाही. लेप्टो पूर्ण खोडलेला नाही.

डॉक्सिसायक्लिन आत्ताच सुरू करते, रिपोर्टची वाट न बघता. स्क्रब आणि लेप्टोची आयजीएम पाठवते. ऑक्सिजन ९४ च्या वर ठेवायचा. सहा लिटरवर ९२ च्या खाली गेला किंवा श्वास ३५ च्या वर गेला तर आयसीयू. सलाइन जपून, कारण फुफ्फुसं आधीच ओली आहेत. ४८ तासांत ताप उतरला नाही तर निदान पुन्हा बघू."

यातला सलाइनचा मुद्दा बघा. योजना निष्कर्षातून निघते म्हणतात ती अशी. डेंग्यू धरला म्हणून सलाइन चालू राहिली, स्क्रब आणि फुफ्फुस धरलं असतं तर हात आखडता घेतला असता. औषधाबद्दलही एक सांगून ठेवते. अशा गंभीर स्क्रबमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र देणं एकेकट्या औषधापेक्षा चांगलं ठरतं, असं भारतातच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलंय. म्हणजे निष्कर्षात 'गंभीर' हा एक शब्द उच्चारला की नाही, त्यावर आता औषध बदलतं.

प्रत्यक्षात काय झालं? संध्याकाळी लेक्चरर मॅडम राउंडला आल्या तेव्हा बाई सहा लिटर ऑक्सिजनवर होत्या. मॅडम म्हणाल्या, "कागद मिटव आणि दोन वाक्यांत सांग, या बाई आज सकाळपेक्षा वाईट का आहेत?" मी अडखळले, आणि मग तोंडातून आलं, "मॅडम, काखेत एक खपली आहे." मॅडमनी स्वतः हात वर करून बघितली. दहा मिनिटांत डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. तरी रात्री त्यांना आयसीयूत हलवावं लागलं, दोन दिवस मास्कच्या मशीनवर काढावे लागले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, नवव्या दिवशी घरी गेल्या. सकाळी औषध मिळालं असतं तर आयसीयू टळलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दहा तास गेले ते माझ्या कागदाच्या शेवटच्या ओळींमुळे गेले, एवढं मला माहीत आहे.

आता या क्रमाच्या मर्यादा. पेशंट तुमच्या डोळ्यांसमोर बिघडत असेल तर हा क्रम सोडून द्यायचा. रात्री दोनला फोनवर "४६ वर्षांच्या शेतमजूर बाई" नको. "मॅडम, बेड अकराचा ऑक्सिजन दहा लिटरवर ८६ आहे, तुम्ही या" हे पहिलं, बाकीचं त्या येईपर्यंत.

दुसरी मर्यादा जास्त धोक्याची. गोष्ट घट्ट बांधायची सवय लागली की न बसणारी गोष्ट आपोआप बाहेर पडायला लागते. म्हणून मी निष्कर्षानंतर एक वाक्य मुद्दाम ठेवते: "यात न बसणारं एक आहे." समजा, याच बाईंचे डोळे पिवळे असते आणि क्रिएटिनिन ४ असतं, तर ते लपवून स्क्रब म्हणायचं नाही. "कावीळ आणि किडनी दोन्ही इतकं बिघडलंय, त्यामुळे लेप्टोचंही औषध सोबत सुरू करते," असं म्हणायचं.

आणि केस नीट सांगितली गेली की नाही, हे ओळखायचं कसं? सर काय विचारतात त्यावरून. "ताप किती दिवस? दम आहे का? ऑक्सिजन किती?" असे मागे नेणारे प्रश्न आले तर काहीतरी चुकीच्या जागी होतं किंवा सुटलं होतं. "डॉक्सीसोबत अझिथ्रो का नाही?" असा पुढचा प्रश्न आला तर आधीचं सगळं पोचलं. माझी अजून एक सवय आहे, तुम्हीही करून बघा. राउंडच्या आधी नोंदवहीतल्या प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एकच गोष्ट लाल पेननं लिहायची: सरांनी फक्त एकच वाक्य ऐकलं तर कुठलं ऐकायला हवं? अकरा नंबरपुढे मी त्या सकाळी हे केलं असतं तर दोनच शब्द लिहिले असते, 'काखेतली खपली'.

पुढच्या भागात ड्युटी बदलताना पेशंट दुसऱ्याच्या हाती कसा सोपवायचा ते बघू. तोवर, जे राउंडला आहेत त्यांनी श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. भेटू.